आम्हाला कर्ज दिले जाईल का?

‘विल द बँक गिव्ह अस अ लोन?’ बँक आम्हाला कर्ज देईल का, एवढेच या वाक्यात विचारले आहे. इंग्रजीच्या पेपरात असे वाक्य येते, शेजारी ‘चेंज द व्हॉइस’ अशी सूचना असते, आणि साधी वाक्ये सहज बदलणारी मुलेही इथे थबकतात. या एका ओळीत तीन अडचणी एकत्र आलेल्या असतात. वाक्य प्रश्नार्थक आहे, ‘विल’सारखे मोडल क्रियापद आहे, आणि देण्याच्या क्रियेला दोन कर्मे आहेत: ‘अ लोन’ म्हणजे जे द्यायचे ते, आणि ‘अस’ म्हणजे ज्यांना द्यायचे ते.

पहिल्या दोन अडचणी सवयीने सुटतात, कारण त्यांचे नियम कडक आहेत आणि त्यांना जवळजवळ अपवाद नाहीत. तिसरी तशी नाही. मराठी बोलणारा माणूस या तिसऱ्या अडचणीतच अडकतो, आणि त्याचे कारण त्याच्या मातृभाषेत आहे. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

या प्रश्नाची दोन उत्तरे होतात आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिले: ‘विल वी बी गिव्हन अ लोन बाय द बँक?’ दुसरे: ‘विल अ लोन बी गिव्हन टु अस बाय द बँक?’ मराठी मुलांना दुसरे उत्तर पटकन पटते. पहिल्याकडे मात्र ती संशयाने बघतात. ‘वी बी गिव्हन’चा शब्दशः अर्थ लावला तर ‘आम्ही दिले जाऊ’ असे काहीतरी होते. कर्ज राहिले बाजूला, आम्हालाच कुणाच्या तरी हवाली करणार की काय, असे वाटते. हा संशय अगदी रास्त आहे, कारण मराठीत असे वाक्य होत नाही.

मराठीत हाच प्रश्न कर्मणी वळणाने विचारून पाहा: ‘बँकेकडून आम्हाला कर्ज दिले जाईल का?’ मूळ वाक्यात ‘आम्हाला’ होते, बदललेल्या वाक्यातही ‘आम्हाला’च राहिले. क्रियापद चालते ते कर्जाच्या लिंग-वचनाप्रमाणे. कर्ज असेल तर ‘दिले जाईल’, सवलत असेल तर ‘दिली जाईल’, परवाने असतील तर ‘दिले जातील’. घेणारा माणूस एकटा असो की शंभर जण असोत, क्रियापदाला त्याचे काही देणेघेणे नसते. ज्याला वस्तू मिळते तो चतुर्थीतच असतो, आणि वाक्य कितीही फिरवले तरी त्याच्या मागचा ‘ला’ किंवा ‘ना’ गळत नाही. कर्तेपणाची जागा मराठी फक्त वस्तूला देते.

इंग्रजी ती जागा घेणाऱ्या माणसालाही देते. ‘अस’चे ‘वी’ होते, ‘हिम’चे ‘ही’ होते, ‘देम’चे ‘दे’ होते. चतुर्थीचा सगळा भाव पुसला जातो आणि माणूस थेट कर्त्याच्या जागी येतो. मराठी मन ‘आम्हाला’ सोडायला तयार नसते, म्हणून ‘विल अस बी गिव्हन अ लोन?’ असे चुकीचे वाक्य तयार होते. काही जण ‘अस’चे ‘वी’ करतात, पण मनातला ‘ला’ कुठेतरी बसवायचा म्हणून ‘विल वी बी गिव्हन टु अ लोन?’ असे लिहितात. दोन्ही चुकांचे मूळ एकच: मराठीतला न गळणारा प्रत्यय.

एके काळी इंग्रजीचेही असेच होते. जुन्या इंग्रजीत विभक्तीचे प्रत्यय जिवंत होते, आणि तिथे ज्याला वस्तू दिली जाई तो कर्मणी वाक्यातही चतुर्थीतच राहत असे, थेट आपल्यासारखा. जर्मन भाषेत आजही असेच आहे. तिथे पुस्तक ‘मला’ दिले जाते, ‘मी’ दिला जात नाही. पुढे इंग्रजीतल्या नामांचे प्रत्यय झिजले. ‘द किंग वॉज गिव्हन अ हॉर्स’ अशा वाक्यात राजा चतुर्थीत आहे की प्रथमेत, हे शब्दावरून कळेनासे झाले. क्रियापदाच्या आधी जे नाम येते तोच कर्ता, असे समजण्याची सवय तोवर पक्की होत चालली होती, त्यामुळे तो राजाही कर्ताच मानला जाऊ लागला. हे स्पष्टीकरण बऱ्याच अभ्यासकांनी दिले आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास अशी वाक्ये दिसू लागतात आणि पुढे ती रूढ होतात. वर्गात ‘वी बी गिव्हन’वर अडणारे मूल इंग्रजीने सोडून दिलेल्या जुन्या नियमालाच धरून बसलेले असते. शिक्षकांनी हे एकदा सांगितले तर मुलाच्या मनातला गोंधळ पुष्कळ कमी होईल असे मला वाटते. आपली भाषा इथे एक गोष्ट करते आणि इंग्रजी दुसरी, हे उघड करून सांगणे पाठांतरापेक्षा जास्त उपयोगी पडते.

इथेच आणखी एक गोंधळ मिटवायला हवा. मराठी व्याकरणात ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग असतो, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. पण ते इंग्रजीतले पॅसिव्ह नव्हे. ‘राम एट अ मँगो’ हे सरळ ॲक्टिव्ह वाक्य आहे आणि मराठीतही राम तिथे पूर्ण मानाने बसलेला आहे. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाते ते ‘आंबा खाल्ला गेला’ हे ‘जाणे’ लावून केलेले वाक्य. व्याकरणाची पुस्तके त्याला नवीन कर्मणी म्हणतात. ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ असे समीकरण पाठ केलेल्या मुलाला भूतकाळातले प्रत्येक मराठी वाक्य पॅसिव्ह वाटू लागते.

आता आपले वाक्य प्रत्यक्ष बदलून बघू. प्रश्नाला थेट हात घालू नये. आधी त्याचे साधे विधान करून घ्यावे: ‘द बँक विल गिव्ह अस अ लोन.’ आता दोन कर्मांपैकी कोणाला पुढे आणायचे ते ठरवावे. समजा माणसांना आणायचे आहे. ‘अस’चे ‘वी’ करून ते सुरुवातीला घ्यावे. ‘विल’ आहे तसाच राहतो. मोडल क्रियापदाचे रूप कर्त्याप्रमाणे बदलत नाही, ही मोठी सोय आहे. मोडल नसलेल्या वाक्यात ‘द स्टुडंट्स वॉज गिव्हन अ प्राइज’ अशी चूक होते, कारण मराठी मनात क्रियापद बक्षिसाप्रमाणे चाललेले असते आणि बक्षीस एकच असते. ‘विल’, ‘कॅन’, ‘शुड’ यांच्यापुढे या चुकीला जागाच नसते. ‘विल’नंतर ‘बी’ येतो, आणि त्यानंतर मूळ क्रियापदाचे तिसरे रूप. ‘गिव्ह’, ‘गेव्ह’, ‘गिव्हन’ यांपैकी ‘गिव्हन’. मग उरलेले कर्म, म्हणजे ‘अ लोन’, आणि शेवटी हवे असेल तर ‘बाय द बँक’. विधान झाले: ‘वी विल बी गिव्हन अ लोन बाय द बँक.’

आता त्याचा प्रश्न करायचा. त्यासाठी एकच शब्द हलतो. ‘विल’ उचलून ‘वी’च्या आधी ठेवायचा. ‘बी’ जागचा हलत नाही. ‘विल बी वी गिव्हन’ ही फार नेहमी दिसणारी चूक आहे. ‘विल बी’ ही जोडी पाठ झालेली असल्यामुळे मुले ती जोडीनेच उचलतात. प्रश्नात जोडी फुटते आणि कर्ता तिच्या मधोमध येऊन बसतो.

वस्तूला पुढे आणायचे असेल तर कृती तीच, फरक शेवटी पडतो. ‘अ लोन विल बी गिव्हन टु अस बाय द बँक’, आणि प्रश्न ‘विल अ लोन बी गिव्हन टु अस बाय द बँक?’ माणूस मागे गेला की त्याला ‘टु’ लागतो. वस्तू मागे राहिली तर तिला काही लागत नाही. उत्तर तपासायची खूण यातच आहे. तिसऱ्या रूपाच्या पुढे काय उरले आहे ते पाहावे. वस्तू उरली असेल तर ती उघडी हवी, माणूस उरला असेल तर तो ‘टु’ घेऊन आलेला हवा. मग मोडलच्या लगेच पुढचा शब्द पाहावा. सर्वनाम असेल तर ते ‘वी’, ‘ही’, ‘शी’, ‘दे’ अशा कर्त्याच्या रूपात हवे. या दोन जागा नीट असतील तर वाक्य सहसा चुकत नाही.

‘हॅव’ आला की हीच जोडी आणखी लांबते. ‘शुड द बँक हॅव सेंट द कस्टमर्स अ नोटिस?’ म्हणजे बँकेने ग्राहकांना नोटीस पाठवायला हवी होती का? घडून गेलेल्या गोष्टीबद्दलचा हा प्रश्न आहे. इथे ‘बी’च्या जागी ‘बीन’ येते: ‘शुड द कस्टमर्स हॅव बीन सेंट अ नोटिस बाय द बँक?’ पुन्हा एकटा ‘शुड’ पुढे आला आहे, ‘हॅव बीन सेंट’ मागे एकत्र राहिले आहेत. ‘शुड हॅव द कस्टमर्स बीन सेंट’ असे लिहिले की चूक झाली. कितीही साहाय्यक क्रियापदे असली तरी प्रश्नात पहिले एकच पुढे जाते.

‘व्हॉट’, ‘हू’, ‘व्हेन’ यांनी सुरू होणारे प्रश्न वेगळे वाटतात. त्यांत पाहायचे एवढेच असते की विचारलेला शब्द मूळ वाक्यात कोणाच्या जागी होता. ‘व्हॉट विल द बँक गिव्ह अस?’ यात ‘व्हॉट’ वस्तूच्या जागी आहे. माणसांना कर्ता केले तर ‘व्हॉट विल वी बी गिव्हन बाय द बँक?’ होते. ‘व्हॉट’लाच कर्ता केले तर ‘व्हॉट विल बी गिव्हन टु अस बाय द बँक?’ होते. दुसऱ्या वाक्यात ‘विल बी’ची जोडी फुटलेली नाही. प्रश्नाचा शब्द स्वतःच कर्ता आहे आणि तो आधीच पुढे बसलेला आहे, त्यामुळे मध्ये यायला कुणी उरलेच नाही. ‘हूम शुड वी गिव्ह द प्राइज?’ याचेही तसेच. बक्षीस कोणाला द्यावे, यातला ‘कोणाला’ कर्ता झाला की ‘हू शुड बी गिव्हन द प्राइज?’ इतके सुटसुटीत वाक्य मिळते.

खरी अडचण ‘हू’ करणाऱ्याच्या जागी असतो तेव्हा येते. ‘हू विल टीच अस इंग्लिश?’ हे ‘बाय हूम विल वी बी टॉट इंग्लिश?’ असे होते. इथे हमखास ‘बाय हूम वी विल बी टॉट इंग्लिश?’ असे लिहिले जाते. मराठीत ‘कोणाकडून आम्हाला इंग्रजी शिकवले जाईल?’ म्हणताना ‘कोण’ आला की प्रश्न झालाच, शब्दांचा क्रम बदलावा लागत नाही. इंग्रजीत ‘बाय हूम’ पुढे आला तरी ‘विल’ला कर्त्याच्या आधी यावेच लागते. खरे तर ‘बाय हूम’चे वाक्य परीक्षेबाहेर क्वचितच वापरावे. कोण शिकवणार हेच जाणून घ्यायचे असेल तर ‘हू विल टीच अस’ हा सरळ प्रश्न चांगला. पॅसिव्हने करणाऱ्याला मागे ढकलायचे आणि ‘बाय हूम’ने लगेच त्यालाच शोधायचे, असा तो उलटा खटाटोप आहे.

माणूस कर्ता होऊ शकतो हा नियम एकदा समजला की तो सगळीकडे लावायचा मोह होतो. सगळी क्रियापदे मात्र ती मुभा देत नाहीत. ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘टीच’, ‘टेल’, ‘शो’, ‘ऑफर’, ‘पे’, ‘लेंड’, ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’ ही ती देतात. ‘एक्स्प्लेन’ देत नाही. आपल्याकडे ‘कॅन यू एक्स्प्लेन मी द सम?’ सर्रास ऐकू येते, कारण आपण ‘मला गणित समजावून सांगा’ म्हणतो आणि त्यात दोन कर्मे शेजारी शेजारी सुखाने बसलेली असतात. प्रमाण इंग्रजीत ‘एक्स्प्लेन द सम टु मी’ असेच म्हणावे लागते. ‘एक्स्प्लेन’ला उघडे कर्म एकच, समजावायची गोष्ट. म्हणून ‘कॅन आय बी एक्स्प्लेन्ड द सम?’ हे बरोबर ठरत नाही. ‘कॅन द सम बी एक्स्प्लेन्ड टु मी?’ हे एकच रूप होते. ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘मेन्शन’ यांचेही असेच. यासाठी एक सोपी कसोटी आहे. ॲक्टिव्ह वाक्यात माणूस ‘टु’शिवाय क्रियापदाला चिकटून उभा राहू शकतो का ते पाहावे. ‘गिव्ह मी’ चालते, ‘एक्स्प्लेन मी’ चालत नाही. जो ॲक्टिव्हमध्ये ‘टु’शिवाय उभा राहू शकत नाही तो पॅसिव्हमध्ये कर्ता होऊ शकत नाही.

‘बाय’, ‘मेक’, ‘कुक’ यांसारखी क्रियापदे मधल्या पट्ट्यात येतात. ‘कॅन यू बाय मी अ तिकीट?’ हे अगदी ठीक आहे. पण ‘कॅन आय बी बॉट अ तिकीट?’ बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानाला खटकते. तिकीट आपल्याला ‘दिले’ जात नाही, आपल्या‘साठी’ काढले जाते, आणि म्हणून वस्तूला पुढे घेऊन ‘कॅन अ तिकीट बी बॉट फॉर मी?’ असे म्हणणे सोयीचे. इथे ‘टु’ची जागा ‘फॉर’ने घेतली आहे. ‘आस्क’ आणखी वेगळे वागते. ‘मे वी आस्क यू अ क्वेश्चन?’ याचे वस्तूकडून केलेले रूप ‘मे अ क्वेश्चन बी आस्क्ड ऑफ यू?’ असे ‘ऑफ’ घेऊन होते. ‘आस्क्ड टु यू’ आपल्याकडे फार बोलले जाते, पण ते मराठी ‘तुम्हाला’चे सावट आहे.

आतापर्यंतचे सगळे रचनेबद्दल झाले. मोडल क्रियापदांची मात्र एक वेगळीच बाजू आहे, आणि पाठ्यपुस्तके तिच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत याचे मला वाईट वाटते. मोडलमध्ये इच्छा, परवानगी, क्षमता, कर्तव्य असे भाव असतात, आणि ते भाव बऱ्याचदा कर्त्याला चिकटलेले असतात. कर्ता बदलला की भाव नव्या कर्त्याकडे जातो किंवा हवेत विरतो. ‘कॅन ग्रँडमा टीच द चिल्ड्रन धिस साँग?’ यात प्रश्न आजीच्या क्षमतेचा आहे: तिला ते जमेल का? ‘कॅन द चिल्ड्रन बी टॉट धिस साँग बाय ग्रँडमा?’ असे केले की रचना बिनचूक, पण प्रश्न मुलांकडे सरकतो: या मुलांना हे गाणे शिकवणे शक्य आहे का? मराठीने यासाठी वेगळी सोय ठेवली आहे. ‘आजीच्याने आता दळण दळवत नाही’ या शक्य कर्मणी वाक्यात दळण कर्म असूनही अशक्तपणा आजीचाच राहतो. इंग्रजी पॅसिव्हमध्ये तो आजीजवळ राहीलच याची खात्री देता येत नाही.

विनंतीच्या प्रश्नांत तर मूळ हेतूच हरवतो. ‘विल यू लेंड मी युवर सायकल?’ ही विनंती आहे. समोरच्याच्या मनाला ती साद घालते. ‘विल आय बी लेंट युवर सायकल बाय यू?’ हा भविष्याबद्दल केलेला कोरडा प्रश्न आहे. मला सायकल मिळणार आहे की नाही, एवढेच तो विचारतो, जणू निर्णय आधीच कुठेतरी झाला आहे. ‘शॅल आय टेल यू द ट्रुथ?’ यात मी तुमची इच्छा विचारतो. ‘विल यू बी टोल्ड द ट्रुथ बाय मी?’ केले की माझ्याच बेताबद्दल मी तुम्हाला प्रश्न विचारत असल्यासारखे होते. परीक्षेत हे रूपांतर मागितले तर रचना म्हणून करून द्यावे. पण शिक्षकांनी दोन वाक्ये शेजारी ठेवून मुलांना विचारावे की दोन्हींत तेच विचारले आहे का. मुलांना फरक कळतो, आणि मोडल म्हणजे काय हे व्याख्येपेक्षा अशा दोन वाक्यांतून चांगले समजते.

मग हे वळण खऱ्या इंग्रजीत उपयोगी पडते ते कुठे? जिथे करणारा महत्त्वाचा नसतो, माहीत नसतो, किंवा मुद्दाम मोकळा सोडायचा असतो तिथे. डेन्मार्कचे व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी 1924 मधल्या आपल्या ग्रंथात असे नोंदवले आहे की इंग्रजी लेखनातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त पॅसिव्ह वाक्यांत करणाऱ्याचा उल्लेखच नसतो. शाळेत मात्र प्रत्येक उत्तराला ‘बाय’ची शेपटी लावायची सवय लागते. परीक्षेत मूळ कर्ता दाखवायचा म्हणून ती लावावी. बाहेर लिहिताना तिच्याशिवाय वाक्य पुरे होते का ते आधी पाहावे.

याचे एक भक्कम उदाहरण आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मसुद्यात आहे. अनुच्छेद 14 मध्ये राज्य कोणाही व्यक्तीला कायद्यापुढील समानता नाकारणार नाही, असे म्हटले आहे. क्रियापद ‘डिनाय’, त्याच्याआधी मोडल ‘शॅल’, आणि दोन कर्मे: व्यक्ती आणि समानता. वाक्य ॲक्टिव्ह आहे, कर्ता राज्य आहे, आणि ते योग्यच आहे, कारण बंधन राज्यावर घालायचे आहे. याचा प्रश्न करून पाहू: ‘कॅन द स्टेट डिनाय अ पर्सन इक्वॅलिटी?’ व्यक्तीला पुढे घेतले तर ‘कॅन अ पर्सन बी डिनाइड इक्वॅलिटी बाय द स्टेट?’ समानतेला घेतले तर ‘कॅन इक्वॅलिटी बी डिनाइड टु अ पर्सन बाय द स्टेट?’ दोन्ही सहज बोलली-लिहिली जाणारी वाक्ये आहेत. अडखळवणारे काही नाही, कारण ‘डिनाय’ दोन्ही कर्मांना कर्ता होऊ देते. नियमात ‘टु’ कुठे येतो आणि कुठे येत नाही, हेही इथे स्पष्ट दिसते.

अनुच्छेद 22 च्या पहिल्या कलमात हेच क्रियापद पुन्हा येते, या वेळी पॅसिव्हमध्ये. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क नाकारला जाणार नाही, असे तिथे सांगितले आहे. इंग्रजी वाक्यात तो माणूस कर्ता आहे, ‘हिम’ नव्हे तर ‘ही’ या रूपात. त्याच्या आधी नकारदर्शक ‘नॉर’ आल्यामुळे ‘शॅल’ पुढे गेला आहे, मग ‘ही’, मग ‘बी डिनाइड’, आणि त्यापुढे हक्क ‘टु’शिवाय उघडा बसला आहे. वाक्य विधान आहे, पण शब्दांची मांडणी हुबेहूब आपल्या प्रश्नाची आहे: मोडल, माणूस, ‘बी’, तिसरे रूप, वस्तू. आणि नाकारणाऱ्यासाठी ‘बाय’ कुठेही नाही. कोणी नाकारायचे नाही, हे लिहिलेले नसल्यामुळे वाक्याचा रोख एकट्या पोलिसांवर किंवा एकट्या तुरुंग अधिकाऱ्यावर राहत नाही.

मराठी मसुद्यात हा माणूस अर्थातच ‘ला’ घेऊन येतो, कारण मराठीत त्याला दुसरी जागा नाही. म्हणून हे वाक्य मराठीतून इंग्रजीत न्यायचे असेल तर ‘ला’चे काय करायचे हे आधी ठरवावे लागते. वाक्य त्या माणसाबद्दल असेल तर ‘ला’ सोडून त्याला कर्ता करावे. वाक्य हक्काबद्दल, कर्जाबद्दल किंवा नोटिशीबद्दल असेल तर वस्तूला पुढे घ्यावे आणि ‘ला’च्या जागी ‘टु’ ठेवावा. बँकेच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्यांची गोष्ट सांगताना ‘विल वी बी गिव्हन अ लोन?’ शोभते. बँकेच्या बैठकीत त्या एका कर्जाच्या अर्जावर चर्चा चालली असेल तर ‘विल द लोन बी गिव्हन टु देम?’ जास्त नेमके.